समासातल्या नऊ ओळी

दहावीत असताना मी तालुक्याच्या निबंध स्पर्धेसाठी केळीवर लिहायला बसलो. रावेर तालुक्यातल्या पोराने दुसरं कशावर लिहायचं? दोन संध्याकाळींत नऊ परिच्छेद झाले आणि वही सरांच्या टेबलावर ठेवून मी शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. सरांनी वही वाचली, लाल पेन उघडलंच नाही, आणि माझ्या बाकावरच्या मित्राला हाक मारली.

"भो, प्रत्येक परिच्छेदाला नंबर टाक. मग समासात एकेक ओळ लिही. परिच्छेद कशाबद्दल आहे ते नको, तो काय म्हणतो ते लिही. याला विचारायचं नाही."

मी लिहिलं असतं तर जे मनात होतं तेच समासात उतरलं असतं. मित्राला फक्त कागदावरचं दिसत होतं. शिवाय सरांनी अट घातली की ओळीत 'आणि' घालावा लागला तर तिथे दोन परिच्छेद एकात कोंबलेले आहेत असं समजायचं.

मधल्या सुट्टीत वही परत आली. पहिला: ऊन फार तापतं. दुसरा: आजोबांनी विहीर खणून बाग लावली. तिसऱ्यात मी तापी आणि हतनूर धरणाचं वर्णन केलं होतं, तिथे त्याने काहीतरी लिहून खोडलं होतं. चौथा: घड यायला वर्ष लागतं आणि मजूर मिळत नाहीत. पाचवा: दिल्लीला निघालेला ट्रक वाटेत बंद पडला, माल पिकून गेला. सहावा: केळं पौष्टिक असतं. सातवा: कापूस घरात भरून ठेवता येतो, केळी ठेवता येत नाही. आठवा: वादळात बाग आडवी झाली, आजोबा रडले. नववा: सरकारने लक्ष द्यावं.

सरांनी विचारलं, "यातल्या कुठल्या ओळीशी कोणी भांडू शकेल?"

ऊन तापतं यावर कोण भांडणार? केळं पौष्टिक आहे हे तर सगळ्यांना ठाऊक. बराच वेळ खाल-वर बघितल्यावर बोट सातव्यावर थांबलं. सर म्हणाले, असंच होतं, लिहिता लिहिता माणसाला आपलं म्हणणं सापडतं, म्हणून ते शेवटाकडे लपलेलं असतं. त्या ओळीचं आम्ही एक पूर्ण वाक्य केलं: 'केळी थांबत नाही, म्हणून केळीवाला भाव विचारतो, सांगत नाही.'

मग वहीच्या पाठच्या पानांच्या नऊ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठी त्या वाक्याशेजारी ठेवायची आणि मध्ये 'कारण' किंवा 'म्हणून' बसतं का ते बघायचं. पाचवी लगेच बसली. चौथी फाडून अर्धी केली. वर्षभर राबून आलेला माल चार दिवसांत विकावा लागतो, तो अर्धा ठेवला, मजुरांचा काढला. आठवी बसेना. 'आजोबा रडले' हे खरं होतं, पण त्यातून पुढे काही निघत नव्हतं. घरी विचारल्यावर कळलं की पडलेल्या बागेतले घड आजोबांनी मिळेल त्या भावाने त्याच दिवशी काढून दिले होते. ते लिहिलंच नव्हतं मी! ते आल्यावर आठवी चिठ्ठी दुसऱ्या जागी गेली. उन्हाच्या परिच्छेदाचं एकच वाक्य उरलं: उन्हाळ्यात माल आणखी लवकर पिकतो. दुसरा, तिसरा आणि सहावा गेले. नवव्याने मला छळलं. शेवटी 'लक्ष द्यावं' काढून माल थंड ठेवायच्या सोयीबद्दल लिहिलं, कारण केळी थोडी थांबली तरच भाव बोलता येईल.

चिठ्ठ्या नव्या क्रमाने नुसत्या वाचल्या तरी म्हणणं कळत होतं. मी खूश होऊन परिच्छेद त्याच क्रमाने जसेच्या तसे उतरवून काढले आणि फसलो. ट्रकचा परिच्छेद 'याच वर्षी' ने सुरू होत होता आणि ते वर्ष आता मागे कुठेच नव्हतं. 'वर सांगितल्याप्रमाणे' म्हटलेली गोष्ट खाली गेली होती. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नव्याने लिहावं लागलं, त्यातच रविवार गेला.

ललित लेखनाला ही कात्री लावू नका असंही सरांनी बजावलं होतं. तिथे भटकणं हीच वाट असते. आणि नऊ ओळींत भांडण्याजोगी एकही निघाली नाही, तर चिठ्ठ्या हलवून काही होत नाही, पुन्हा विचारच करावा लागतो.

आता पुण्यात नोकरीत दुसऱ्यांचे अहवाल तपासताना मी पेन्सिलीने समासात तेच करतो. ती वही अजून माझ्याकडे आहे. तापीचा परिच्छेद मला आजही त्यातला सगळ्यात सुंदर वाटतो. त्याच्याशेजारी खोडलेली ओळ उजेडात धरली की वाचता येते: 'छान आहे, पण काय?'