तुम्ही विचारलंत म्हणून: पहाटे टोचणारा डोळा आणि रात्रीचं मलम

"डॉक्टर, दिवसभर डोळ्याला काही होत नाही, मग पहाटेच सुई खुपसल्यासारखं का होतं? आणि आता दुखत नाहीये, तरी ते रात्रीचं मलम अजून किती दिवस लावायचं?"

मलमाचं आधी सांगते, कारण चूक तिथेच होते. शेवटचा झटका ज्या पहाटे आला, तिथून निदान तीन महिने रोज रात्री लावायचं. मध्ये पुन्हा झटका आला, तर मोजणी पहिल्या दिवसापासून. दुखायचं थांबलं हे मलम सोडायचं कारण होऊ शकत नाही. असं का, ते एका बाईंच्या डोळ्यावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्यांच्या बाळाचं नख त्यांच्या उजव्या डोळ्याला लागलं. पाणी, लाली, उजेड सहन न होणं, सगळं झालं. औषधाचे थेंब घातले आणि तिसऱ्या दिवशी डोळा बरा झाला. तपासणीतही ओरखडा भरलेला दिसला. सहाव्या आठवड्यात एका पहाटे चारच्या सुमाराला बाळ रडलं, त्या दचकून उठल्या आणि डोळा उघडताक्षणी आतून काहीतरी फाटल्यासारखी कळ आली. दोन तास डोळ्यातून पाणी वाहत होतं. पण माझ्याकडे येईपर्यंत अकरा वाजले होते. डोळा जेमतेम लाल होता. हिरवट चमकणारा फ्लुरेसीनचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर उघडी जखम कुठेच नव्हती.

अशा वेळी "डोळे कोरडे पडलेत" म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जातं. या दुखण्यात हे फार होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मग रुग्णाला आपलंच दुखणं खोटं वाटायला लागतं. पुरावा पुसला गेलेला असतो, पण पुरता नाही. या बाईंना स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर, डोळा न मिचकावता ठेवायला सांगितलं. बुबुळाच्या मध्याच्या जरा खाली एका ठिकाणी अश्रूंचा पातळ थर लगेच फुटत होता. पुन्हा मिचकावून पाहिलं, तरी त्याच जागी. तिथेच राखाडी रंगाचे बारीक ठिपके होते. नखाचा ओरखडा कुठे होता, याचं चित्र जुन्या कागदावर काढलेलं होतं. जागा तीच.

बुबुळावरच्या पारदर्शक काचेला आपण कॉर्निया म्हणतो. तिच्यावर पेशींचं एक नाजूक आवरण असतं, मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं पातळ. ओरखडा पडला की शेजारच्या पेशी सरकत येतात आणि दोन-तीन दिवसांत ती जागा झाकून टाकतात. झाकणं वेगळं आणि घट्ट बसणं वेगळं. फरशी बसवली की लगेच सपाट दिसते, पण खालचं सिमेंट धरेपर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नसतो, तसंच हे. या पेशी खालच्या पडद्याला सूक्ष्म टाचण्यांनी आणि तंतूंनी जखडलेल्या असतात. त्या टाचण्या नव्याने तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. नख, कागदाची कड, झाडाचं पान अशा धारदार वस्तूंच्या ओरखड्यानंतर ही जुळणी कच्ची राहण्याचा धोका जास्त. काहींना मार लागल्याचं आठवतच नाही. त्यांच्यात तो खालचा पडदाच जन्मतः सदोष असू शकतो, म्हणून मी दुसरा डोळाही नीट तपासते.

आता पहाट. झोपेत अश्रू फार कमी तयार होतात. पापणी मिटलेली असल्यामुळे आहे ते पाणी उडून जात नाही, त्यातलं क्षारांचं प्रमाण उतरतं आणि कॉर्निया रात्रभरात किंचित फुगतो. म्हणजे सैल आवरण आणखी सैल होतं आणि वर पापणी त्याला चिकटून बसलेली असते. झोपेत बुबुळं जोरात फिरली किंवा आपण दचकून डोळा उघडला, की पापणीबरोबर आवरणाचा तुकडा ओढला जातो. खाली मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. कॉर्नियाइतक्या दाट मज्जातंतू शरीरात क्वचितच कुठे असतात, त्यामुळे तुकडा केवढासा आणि कळ केवढी असं होतं. तुकडा लहान असला तर काही तासांत जागा झाकली जाते. म्हणून दिवसभर काही नसतं.

मलमाचं काम एवढंच, की पापणी आणि आवरण यांच्यात रात्रभर एक बुळबुळीत थर राहावा. त्यात बहुधा पेट्रोलियम जेली आणि द्रवरूप पॅराफिन असतं. ते त्या टाचण्या बनवत नाही. टाचण्या शरीर बनवतं, मलम त्यांना न ओढलेल्या रात्री मिळवून देतं. नुसते थेंब रात्रभर टिकत नाहीत. काहींना पाच टक्के मिठाचं मलम देतात. ते फुगलेल्या थरातलं पाणी ओढून घेतं, पण घातल्यावर थोडं झोंबतं.

अगदी झोपताना, दिवा मालवायच्या आधी, खालची पापणी हलकेच ओढून आत साधारण अर्धा सेंटिमीटर मलम घाला. ट्यूबचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. नंतर धूसर दिसतं, म्हणून लावल्यावर वाचन नको, गाडी तर नकोच. सकाळी जाग आली की डोळा झटकन उघडू नका आणि चोळू तर मुळीच नका. मिटल्या पापणीआड बुबुळं हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा, नाकाकडच्या कोपऱ्यात कृत्रिम अश्रूंचा थेंब सोडा, तो आत झिरपू द्या आणि मग सावकाश उघडा. गजराच्या घड्याळाशेजारी ती बाटली ठेवा.

त्या बाईंनी तीन आठवडे नेमाने लावलं. डोळा छान झाला, मग सोडलं. अकराव्या रात्री पुन्हा तेच. त्यांना मी रागावले नाही, कारण पहिल्या भेटीत हा टाचण्यांचा भाग मीच नीट सांगितला नव्हता. दुसऱ्यांदा सांगितला आणि त्यांनी चार महिने एकही रात्र चुकवली नाही. शेवटच्या तपासणीत अश्रूंचा थर त्या जागीही बाकीच्या डोळ्यासारखाच टिकत होता.

सगळ्यांचं मलमावर भागत नाही. रोज नेमाने लावूनही झटके येत राहिले, तर पुढचे उपाय आहेत: काही दिवस पट्टीसारखी बसवलेली मऊ लेन्स, दाह कमी करणाऱ्या गोळ्या आणि थेंब, सुईने त्या जागी बारीक टोचे देणं, सैल आवरण काढून खालचा पृष्ठभाग हिऱ्याची भुकटी बसवलेल्या बारीक फिरत्या टोकाने घासणं किंवा लेसरने तासणं. जागा बुबुळाच्या मधोमध असेल, तर मी टोचे टाळते, कारण त्यांचे व्रण नजरेच्या वाटेत येतात.

तपासताना मी घालते तो बधिर करणारा थेंब घरी मागू नका. त्याने कळ मिनिटभरात जाते हे खरं, पण तो वारंवार घातला तर आवरण भरूनच येत नाही आणि कॉर्निया कायमचा बिघडू शकतो.

आणि कळ दुपारपर्यंत ओसरली नाही, उलट वाढत गेली, नजर धूसर झाली, पू आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. लेन्स वापरणाऱ्यांनी तर अधिकच जपावं. अशा वेळी नेहमीचंच दुखणं समजून मलम लावून झोपू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा.