बाबांचा उतारा

रविवार, रात्र

बुधवारी फोनवर बाबांना नको ते बोलले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं होतं, "उताऱ्यावरचा बोजा उतरला काय बघ की गं." पीककर्ज फेडून दोन महिने झाले, पण कागद कन्नडमध्ये, म्हणून दर खेपेला मलाच विचारावं लागतं. मी ऑफिसात होते. आवाज चढला आणि तोंडातून गेलं, "सगळा जन्म इथं गेला, अजून चार अक्षरं वाचता येत नाहीत तुम्हाला?" पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

बाबा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढं शेत. माझं कन्नड त्यांच्याच पैशानं झालं, बेळगावात खोली घेऊन राहिले म्हणून. हे मला बुधवारी रात्री जेवताना आठवलं, आणि ताट तसंच राहिलं.

परत फोन करून "चुकलं" म्हणता आलं असतं. पण मग पुढच्या उताऱ्याला ते मला विचारणारच नाहीत, गप्प राहतील, याची भीती वाटली. म्हणून शनिवारी नवीन उतारा काढला आणि प्रत्येक कन्नड शब्दाखाली पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात मराठी लिहिलं. हेसरु : नाव. विस्तीर्ण : क्षेत्र. बेळे : पीक. ऋणगळु लिहिलेल्या अकराव्या रकान्याभोवती लाल गोल केला, कारण बोजा तिथंच दिसतो. तो अजून तसाच आहे. कर्ज फिटलं तरी नोंद आपोआप जात नाही, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र द्यावं लागतं.

आज सकाळच्या नंदगड गाडीनं गेले. बाबा गोठ्यात होते. मी कागद पुढं केला नाही, आधी बोलले. "बाबा, तुम्हाला वाचता येत नाही असं मी बोलले, ते वाक्य चुकलं माझं." कामाचा ताप होता, हे जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

ते काही बोलले नाहीत. हात धुतले, चष्मा लावला आणि उंबऱ्यावर बसून बोट फिरवत वाचू लागले. क्षेत्राच्या ओळीशी थांबले. तिथं १.१२.० छापलंय, मी खाली "१.१२ एकर" लिहिलं होतं.

"हे एक एकर बारा गुंठे हाय गं. चाळीस गुंठ्यांचा एकर. बावन्न गुंठे झाले. तू लिवलंयस तसं धरलं तर पंचेचाळीसच भरतील. सात गुंठे कुठं गेले?"

मी खोडून नीट लिहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, लाल गोलाशेजारी "बँक, सोमवार" असं लिहिलं आणि विचारलं, "तू येशील न्हवं संगट?"

उद्याची रजा टाकली आहे.