फोटोखालची तीन वाक्ये : आमची वाटचाल

सात वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंनी आणि मी क्रोशाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा संचाच्या फोटोखाली आम्ही एकच वाक्य लिहिले होते : "बाळासाठी टोपडे, मोजे आणि दुपटे यांचा हाताने विणलेला संच हव्या त्या रंगात, लवकरात लवकर करून मिळेल." आज त्या जागी तीन वाक्ये आहेत, पहिले रंगांविषयी, दुसरे मुदतीविषयी आणि तिसरे धुण्याविषयी, आणि जुन्या वाक्यातला "हव्या त्या" आणि "लवकरात लवकर" हे दोन्ही शब्दप्रयोग आम्ही काढून टाकले आहेत. ते का काढावे लागले आणि त्या जागी काय आले, यातच आमच्या व्यवसायाची बहुतेक वाटचाल आहे.

"हव्या त्या रंगात" हे शब्द पहिल्याच वर्षी अंगाशी आले. एका बाईंनी पांढरे दुपटे, त्याला गडद लाल किनार आणि टोपड्यावर त्याच लाल रंगाच्या दोन पट्ट्या अशी ऑर्डर दिली होती. संच फार देखणा झाला होता आणि आम्ही तो समाधानाने पाठवला. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. "ताई, दुपट्याच्या पांढऱ्या भागावर गुलाबी डाग उतरलेत. धुताना आमचं काही चुकलं का?" त्यांचे काहीही चुकले नव्हते. त्यांनी थंड पाण्यात साबणाचे थोडे द्रावण घालून दुपटे धुतले होते आणि पिळून, घडी करून तासभर बादलीत ठेवले होते. त्या ओल्या घडीत लाल किनार पांढऱ्या भागावर टेकली, आणि जिथे टेकली तिथे किनारीच्या टाक्यांचा ठसा उमटला. त्यांनी पाठवलेल्या फोटोत किनारीचा कंगोरा न् कंगोरा गुलाबी रंगात मोजता येत होता.

ते दुपटे आम्ही पुन्हा करून दिले, पण कारण समजायला आणखी काही महिने गेले. सुती दोरा रंगवताना सगळाच रंग धाग्याशी पक्का बांधला जात नाही. काही रंग नुसता धाग्यावर बसून राहतो, आणि गिरणीत तो पुरेसा धुऊन काढला गेला नसेल तर पुढच्या प्रत्येक धुण्यात थोडा थोडा सुटत राहतो. लाल, गडद निळा, काळा आणि जांभळा या रंगांत हे प्रमाण जास्त दिसते, कारण त्यांत मुळातच रंगाची मात्रा जास्त असते. मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे आम्हालाही अनेकांनी सांगितले आणि आम्ही ते करूनही पाहिले; सुती दोऱ्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. सुटा रंग धुऊन काढणे हाच खरा उपाय आहे. म्हणून आता गडद दोऱ्याचा गुंडा आला की आम्ही त्याची सैल लडी करतो, चार जागी दोऱ्याने बांधतो आणि पाणी निवळ येईपर्यंत कोमट ते गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतो. त्यानंतर त्यातला हातभर दोरा ओल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून वर वजन ठेवतो आणि रात्रभर तसाच राहू देतो. सकाळी कापडावर रेघ दिसली, अगदी पुसट दिसली, तरी तो दोरा बाळाच्या संचासाठी वापरायचा नाही, असा आमचा नियम आहे. बाळ दुपट्याची किनार तोंडात घालणारच, हे गृहीत धरूनच तो नियम केला आहे.

रंगांची दुसरी अडचण पडद्यावरच्या फोटोची होती. एकच पिस्ता रंग एका फोनवर हिरवट तर दुसऱ्यावर राखाडी दिसतो, आणि मागवलेला रंग हा नव्हे, असे सांगणारे ग्राहक खोटे बोलत नसतात. आता आम्ही दोऱ्याचा फोटो दिव्याखाली न काढता खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात आणि पांढऱ्या कागदावर ठेवून काढतो, कारण शेजारी पांढरे असले की डोळा बाकीचा रंग त्यावरून ठरवतो. चोवीस छटांची यादी आम्ही बारावर आणली. यादी छोटी झाल्यामुळे प्रत्येक छटेचा पुरेसा साठा एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतून घेता येऊ लागला, आणि हे फार महत्त्वाचे ठरले. दोऱ्याच्या वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी त्या खेपेचा, म्हणजे डाय लॉटचा, वेगळा क्रमांक छापलेला असतो. रंगाचा क्रमांक तोच आणि लॉट वेगळा असला, तर गुंडे शेजारी ठेवूनही फरक कळत नाही. दुपटे विणून पसरले की मात्र मधोमध एक पट्टा स्पष्ट वेगळा दिसतो. म्हणून संचाला लागणारा सगळा दोरा आधी वजन करून बाजूला काढल्याशिवाय आम्ही पहिली साखळीही घालत नाही.

त्यामुळे आजचे पहिले वाक्य असे आहे : "सोबतच्या बारा छटांपैकी तीन निवडाव्यात, मुख्य रंग फिका ठेवल्यास गडद रंग किनारीसाठी घेता येईल, आणि प्रत्येक गडद दोरा विणण्यापूर्वी धुऊन तपासलेला असेल." पूर्ण गडद दुपट्याची मागणी आली तर आम्ही नाही म्हणतो. काही ग्राहक त्यामुळे परत जातात, त्याचे वाईट वाटते, पण हा निर्णय बदलावासा वाटत नाही.

मुदतीचे वाक्य हिशेबातून आले. सुरुवातीला आम्ही अंदाजाने आठ दिवस सांगत होतो आणि शेवटच्या दोन रात्री जागून ते पाळत होतो. जाऊबाईंचे मनगट दुखू लागले, तेव्हा पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. दुपटे ७५ सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद. आमच्या दोऱ्यावर आणि सुईवर १० सेंटिमीटरमध्ये १६ अर्धे खांब बसतात आणि १२ ओळी होतात. म्हणजे एका ओळीत १२० टाके, ओळी ९०, एकूण १०,८०० टाके. सलग बसल्यावर मिनिटाला सरासरी १५ टाके होतात, म्हणजे नुसत्या अंगाला १२ तास लागतात. किनारीला दोन ते अडीच तास, टोपड्याला सुमारे तीन आणि मोज्यांच्या जोडीला तितकेच. संच साधारण वीस तासांचा ठरतो, आणि दिवसाला चार तासांहून अधिक विणले की हात दुखतो आणि टाकेही घट्ट पडू लागतात.

दोघींनी मिळून एकच दुपटे केले तर निम्म्या वेळात होईल, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण माझा दोरा थोडा सैल चालतो आणि जाऊबाईंचा घट्ट. एकदा अर्धे अर्धे विणलेले दुपटे पसरून पाहिले, तर एका टोकाला ते दुसऱ्या टोकापेक्षा तीन बोटे रुंद होते. त्या दिवसापासून एक संच एकाच हाताने पूर्ण होतो. विणण्याचे पाच दिवस धरले, तरी त्याआधी दोरा बाजूला काढणे, तपासणे आणि नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजणे यांत तीन दिवस जातात. हा तुकडा धुतल्याशिवाय मोजण्यात अर्थ नसतो, कारण सुती वीण पहिल्या धुण्यात आटते. शेवटी धागे लपवणे, संच धुणे आणि सपाट पसरून वाळवणे यांना आणखी तीन दिवस लागतात. हे झाले अकरा. उरलेले चार दिवस आम्ही हाती असलेल्या आधीच्या ऑर्डरीसाठी ठेवतो.

त्यावरून दुसरे वाक्य तयार झाले : "रंग आणि माप लेखी कळवल्याच्या दिवसापासून कामाचे पंधरा दिवस लागतील, पोहोचण्याचा काळ त्याहून वेगळा धरावा." फोनवर पहिले बोलणे झाले तो दिवस मुदतीची सुरुवात नव्हे, हे यात सांगणे आवश्यक होते. शिवाय आम्ही जन्माच्या तारखेऐवजी भेट देण्याची तारीख विचारतो, कारण माप त्यावर अवलंबून असते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि सहाव्या महिन्यात तो ४३ च्या आसपास जातो. टोपडे घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी विणावे लागते, म्हणजे ते ताणून नीट बसते. भेट जन्मानंतर महिन्याने द्यायची असेल, तर नवजाताच्या मापाचे टोपडे एक-दोनदाच वापरले जाईल, म्हणून आम्ही तीन ते सहा महिन्यांचे माप सुचवतो.

धुण्याविषयी आम्ही पहिली दोन वर्षे काहीच लिहिले नव्हते, कारण हे सगळ्यांना ठाऊक असते असे आम्ही धरून चाललो होतो. मग एका आजीबाईंनी प्रेमाने धुतलेले दुपटे दोरीवर वाळत टाकले आणि ते लांबट झाले. सुती वीण ओली झाली की फार जड होते, आणि तेच वजन टाक्यांना खाली ओढते. दुसऱ्या एका घरी टोपड्याला इस्त्री केली गेली. ते तेव्हाच्या आमच्या ॲक्रिलिक दोऱ्याचे होते. उष्णतेने तो धागा मऊ पडून चपटा आणि चकचकीत होतो, त्यातला ताण निघून जातो आणि तो परत येत नाही. टोपडे आमच्याकडे परत आले तेव्हा ते डोक्यावर धरूनच राहत नव्हते. त्यानंतर बाळाच्या संचासाठी आम्ही ॲक्रिलिक पूर्ण बंद केले.

तिसरे वाक्य सगळ्यांत लांब आहे आणि तेच फोटोखाली तसेच संचातल्या कार्डावरही छापतो : "संच उलटा करून जाळीच्या पिशवीत, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य द्रावणाने धुवावा, ब्लीच वापरू नये, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, ओला असताना घडी करून ठेवू नये आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा." कार्डावर त्याखाली दोन सूचना आहेत. पहिली अशी की मोजे घालण्यापूर्वी दर वेळी बोट आत घालून सुटा धागा नाही ना ते पाहावे, कारण सुटलेला धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो आणि ते बाळाला सांगता येत नाही. याच कारणासाठी आमच्या मोज्यांत आणि दुपट्यांत जाळीची नक्षी नसते, आणि टोपड्याला नाडी, बटण किंवा मणीही नसतो. दुसरी सूचना अशी की दुपटे मांडीवर किंवा कुणी जागे असताना पांघरायला आहे; एक वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्या जागेत ते ठेवू नये.

प्रत्येक संचासोबत आता त्याच लॉटच्या दोऱ्याचे, प्रत्येक रंगाचे तीन-तीन मीटर, छोट्या पाकिटात पाठवतो. मागच्याच महिन्यात चार वर्षांपूर्वीचे एक दुपटे किनारीपाशी उसवले म्हणून आमच्याकडे आले. सोबत ते पाकीट जपून पाठवले होते. दुपट्याचा पिवळा वापरून फिका झाला होता आणि पाकिटातला अजून ताजा होता, त्यामुळे पाकिटातला दोरा आम्ही दुपट्यासोबत चार वेळा धुतला, उन्हात वाळवला आणि मग किनार जोडली.