निविदा भरण्याआधी बाहेर पडताना

आम्ही तीन कंपन्या मिळून एका जलशुद्धीकरण प्रकल्पाची निविदा भरणार होतो. यंत्रसामग्री आमची, बांधकाम दुसऱ्या कंपनीचं आणि तिसरी कंपनी मुख्य भागीदार. आमच्याकडे करारांचं काम मी बघते. निविदेची मुदत जवळ आली असताना शुद्धिपत्रक निघालं: प्रत्येक भागीदार संपूर्ण कामाला संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील. म्हणजे बांधकामवाले मध्येच बसले, तर त्यांचं उरलेलं कामही आमच्या गळ्यात येणार. आमचा वाटा जेमतेम १५ टक्के. संचालक मंडळाने बाहेर पडायचा ठराव केला आणि कागद माझ्या टेबलावर आला.

विक्रीप्रमुखांनी ईमेल लिहून ठेवला होता: ‘सध्याच्या परिस्थितीत पुढे जाणं अवघड वाटतं, काही मार्ग निघाल्यास कळवावं.’ तो मी पाठवू दिला नाही. अशा पत्राने माणूस ना आत राहतो, ना बाहेर पडतो. उद्या मुख्य भागीदार सहज म्हणेल, ‘तुम्ही आहात असं धरूनच आम्ही खर्च करत राहिलो,’ आणि तो दावा पोकळ नसेल.

आमच्या सहकार्य करारात बाहेर पडायचा रस्ता होता, पण अरुंद. निविदेच्या अटी बदलून एखाद्या भागीदाराची जोखीम लक्षणीय वाढली, तर सादरीकरणाआधी लेखी नोटीस देऊन तो बाहेर पडू शकतो; नोटीस करारात नाव दिलेल्या अधिकाऱ्याला, नोंदणीकृत पत्त्यावर. इतर कोणत्याही कारणाने निघालो, तर तो करारभंग, आणि नवा भागीदार शोधण्याचा खर्च आमच्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून नोटिशीत कारण एकच ठेवलं: शुद्धिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि आमच्या कराराचं कलम. बँकेची हमी मर्यादाही कमी पडतेय, हे विक्रीप्रमुखांना लिहायचं होतं. ते काढलं, कारण ते कारण कलमात बसत नव्हतं. बांधकामवाल्यांच्या आर्थिक प्रकृतीबद्दलचं वाक्य तर आधी काढलं; पुराव्याशिवाय केलेला आरोप वेगळंच भांडण ओढवून आणतो.

माझी खरी काळजी होती मुखत्यारपत्राची. निविदेवर आमच्या वतीने सही करायचा अधिकार आम्ही मुख्य भागीदाराला दिला होता. नोटीस गेली तरी ते आपोआप रद्द होतंच असं नाही. निविदा काढणाऱ्या संस्थेला आमचं जाणं माहीत नसेल आणि त्या कागदाच्या जोरावर आमच्या नावाने निविदा भरली गेली, तर अनामत जप्तीपासून पुढची सगळी झळ आम्हालाही लागते. म्हणून रद्दपत्र वेगळं केलं, मूळ प्रत परत मागितली आणि आमचे अनुभवाचे दाखले वापरायची परवानगीही त्याच पत्रात काढून घेतली.

मुख्य भागीदाराचे व्यवस्थापक फोनवर चिडलेच. “मॅडम, ऐनवेळी हात सोडताय. निदान दाखले तरी राहू द्या, तुम्हाला पुरवठादार म्हणून घेतो.” त्यांची अडचण मला कळत होती. पण आमच्या अनुभवावर गट पात्र ठरवायचा आणि गटात आम्ही नसायचं, ही संस्थेची दिशाभूल झाली असती, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पैशांच्या बाबतीत मात्र आम्ही ताणलं नाही. प्रत्येकाने आपला खर्च आपण सोसायचा, असं करारात होतं. फक्त संयुक्त डिझाइन सल्लागाराची फी वाटून घ्यायची होती. नोटिशीच्या तारखेपर्यंतचा आमचा हिस्सा आम्ही दिला, सोबतच्या पत्रात ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता’ असं लिहून.

याच सुमारास दुसऱ्या इच्छुक गटाकडून आम्हाला विचारणा आली. तिला तिथेच नकार दिला. करारातलं याच निविदेपुरतं एकनिष्ठतेचं बंधन आम्ही गेल्यावरही टिकणारं होतं. शिवाय आम्ही जुन्या गटाचे दर पाहिले होते. ते डोक्यात घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे गेलो असतो, तर गोपनीयतेचा भंग होताच, शिवाय संगनमताचा संशय आला असता, आणि त्याची चौकशी स्पर्धा कायद्याखाली होते. ज्यांनी दर पाहिले होते, त्यांची यादी करून प्रत्येकाला लेखी ताकीद दिली.

शेवटी तिघांनी मिळून सुटकेच्या करारावर सह्या केल्या: एकमेकांवर कोणताही दावा उरलेला नाही, गोपनीयता मात्र चालू. हा कागद आम्हा तिघांनाच बांधतो, संस्थेला नाही. गट पूर्वपात्रतेत निवडलेला असल्यामुळे सदस्य बदलायला तिची परवानगी लागणार होती. ती मुख्य भागीदाराने मागितली आणि सोबत आम्ही बाहेर पडल्याचं व मुखत्यारपत्र रद्द केल्याचं आमचं पत्र जोडलं. संस्थेची पोच हातात पडल्यावरच मी फाइल बंद केली. त्यांनी दुसरा यंत्रपुरवठादार घेऊन मुदतीत निविदा भरली.