पाचव्या आठवड्यात माणसं का जातात? नव्वद दिवसांची आखणी करताना आलेला अनुभव

नवीन माणसाचे पहिले नव्वद दिवस आखायचं काम माझ्याकडे आलं ते ग्राहक सेवा विभागासाठी. तिथे दर महिन्याला नवी बॅच यायची आणि तीन महिन्यांच्या आत तिच्यातले बरेच जण राजीनामा देऊन किंवा न सांगताच निघून जायचे. राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण ठरलेलं असायचं, ‘वैयक्तिक’ नाहीतर ‘चांगली संधी’. एवढ्यावरून काहीच आखता येत नाही. जाणारा माणूस वाईटपणा घ्यायला तयार नसतो, त्यामुळे फॉर्मवर तो कुणालाही न दुखावणारं कारण लिहितो. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवले आणि तारखा मागवल्या. कोण कधी रुजू झालं, हजेरीत शेवटचं नाव कधी लागलं आणि राजीनामा कधी आला, एवढंच.

मोजायच्या पद्धतीवर इथे थोडं थांबायला हवं. विभागात गळती महिन्याच्या हिशेबाने काढत होते, म्हणजे त्या महिन्यात गेलेले भागिले एकूण माणसं. त्यात तीन-चार वर्षं टिकलेली जुनी मंडळी धरली जातात आणि नव्यांची गळती त्यांच्यामागे लपते. नव्यांसाठी हिशेब बॅचचा हवा. समजा एका बॅचमध्ये 40 जण रुजू झाले आणि त्यातले 10 नव्वद दिवसांच्या आत गेले, तर गळती 25 टक्के. भागाकारात ते 40 सोडून बाकी कुणी धरायचं नाही. शिवाय राजीनाम्याच्या तारखेपेक्षा हजेरीतली शेवटची तारीख खरं सांगते, कारण बरेच जण आधी यायचे बंद होतात आणि कागद मागून येतो.

मग प्रत्येकाचा शेवटचा दिवस कितव्या आठवड्यात पडतो ते मांडलं. गळती नव्वद दिवसांवर सारखी पसरलेली नव्हतीच. एक ढीग पहिल्याच आठवड्यात होता आणि दुसरा, त्याहून मोठा, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. मधल्या ट्रेनिंगच्या काळात जवळपास कुणी जात नव्हतं. पुढची सगळी आखणी मी या दोन ढिगांभोवती केली.

पहिल्या आठवड्यात जाणाऱ्यांशी फोनवर बोलले तेव्हा सगळ्यांचा सूर एकच निघाला, काम असं असेल हे माहीत नव्हतं. मुलाखतीत ‘ग्राहकांशी संवाद’ म्हटलं होतं. दिवसभर कानाला हेडफोन, बहुतेक फोन तक्रारीचे आणि रोस्टर दर आठवड्याला बदलणारं, हे रुजू झाल्यावर कळत होतं. यावरचा उपाय जुना आहे. जॉन वॅनस यांनी 1973 साली टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही उमेदवारांना नेहमीची, फक्त चांगली बाजू दाखवणारी फिल्म दाखवली आणि काहींना कामातल्या कंटाळवाण्या, त्रासाच्या गोष्टींसकट खरी फिल्म. खरं चित्र पाहून आलेल्यांच्या मनात नोकरी सोडायचे विचार कमी होते. आम्ही फिल्म केली नाही. निवड झालेल्या प्रत्येकाला ऑफर देण्याआधी एक तास चालू शिफ्टमध्ये कामावरच्या माणसाशेजारी बसवून कॉल ऐकायला लावले आणि पहिल्या तीन महिन्यांच्या शिफ्ट लेखी दिल्या. काही जणांनी त्या तासानंतर नको म्हटलं. भरती करणाऱ्यांना ते खुपलं, पण ही माणसं तशीही पहिल्याच आठवड्यात जाणार होती, तेही त्यांच्यावर ट्रेनिंगची जागा खर्च झाल्यावर.

दुसरा ढीग समजायला मला फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष कॉल घेतात तिथे, जाऊन बसावं लागलं. ट्रेनिंग तीन आठवड्यांचं होतं. चौथ्या आठवड्यापासून माणूस फ्लोअरवर यायचा, आणि त्या एका दिवसात त्याच्याभोवतीचं सगळं बदलायचं. ट्रेनर पुढच्या बॅचकडे गेलेला. टीम लीडरची ओळख त्याच दिवशी सकाळी झालेली. बॅचमधले मित्र वेगवेगळ्या टीममध्ये वाटले गेलेले. आणि सरासरी कॉलवेळेचं टार्गेट, ज्याला फ्लोअरवर सगळे एएचटी म्हणतात, ते पहिल्या दिवसापासून जुन्यांइतकंच.

मी एका नव्या मुलीच्या मागे बसले होते. बिलात दोनदा पैसे कापले गेल्याचा कॉल आला. रिफंडची स्क्रीन उघडायला गेली तर परवानगी नाही असा मेसेज. तिने ग्राहकाला होल्डवर ठेवलं आणि हात वर केला. टीम लीडर दुसऱ्या कोपऱ्यात एका चिडलेल्या ग्राहकाचा कॉल हाताळत होता. शेजारचा जुना सहकारी स्वतःच्या कॉलवर होता, त्याने मान हलवून ‘थांब’ एवढंच सांगितलं. होल्डची मिनिटं स्क्रीनवर वाढत होती. शेवटी तिने कॉल दुसऱ्या विभागाकडे ट्रान्सफर केला. दोन दिवसांनी कॉल तपासणाऱ्या क्वालिटीच्या माणसाने त्या कॉलला शून्य दिलं, चुकीचं ट्रान्सफर म्हणून. रिफंडची परवानगी तिच्या लॉगिनला तोपर्यंतही मिळाली नव्हती. ती चूक कोणाची हे शोधायला कुणी बसलं नाही, शून्य मात्र तिच्या नावावर लागलं. असे दहा-पंधरा दिवस गेले की माणूस मनातल्या मनात ठरवून टाकतो, हे आपल्याला जमणारं नाही. पाचवा आठवडा तिथून येतो.

तेव्हा नव्वद दिवसांचा आराखडा मी पहिल्या दिवसापासून पुढे न लिहिता फ्लोअरवरच्या पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना लिहिला. त्या दिवशी माणसाकडे काय असायला हवं? ओळखीचा टीम लीडर, विचारायला एक हक्काचं माणूस, चालणारं लॉगिन आणि झेपेल एवढं काम. यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या तीन आठवड्यांत कुठे बसते ते पाहिलं.

टीमची वाटणी पहिल्याच आठवड्यात करून टाकली. टीम लीडर ट्रेनिंगच्या खोलीत येऊन आपल्या माणसांना भेटू लागला आणि दुसऱ्या आठवड्यापासून ही मंडळी रोज तासभर त्याच्याच टीममध्ये बसून कॉल ऐकू लागली. लॉगिनची तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या मध्यावर ठेवली, आणि ‘लॉगिन मिळालं का?’ या प्रश्नावर ती संपत नव्हती. प्रत्येकाने रिफंड, पत्ता बदल आणि तक्रार नोंदणी, तिन्ही कामं स्वतःच्या लॉगिनने शेवटपर्यंत करून दाखवायची. नुसत्या होकाराने अडलेल्या परवानग्या कधीच सापडत नाहीत.

चौथा ते सहावा आठवडा नेस्टिंगचा, म्हणजे देखरेखीखाली खरे कॉल घ्यायचा, केला. या धंद्यात हा शब्द सर्रास वापरतात, पण बऱ्याच ठिकाणी नेस्टिंग म्हणजे नव्यांना एका रांगेत बसवणं, एवढंच उरतं. आम्ही पाच जणांमागे एक जुना माणूस दिला, जो स्वतः कॉल घेत नाही, फक्त फिरत राहतो. पहिला आठवडा फक्त बिलाचे कॉल, मग तक्रारी, मग उरलेले. एएचटी 45व्या दिवसापर्यंत मोजायचा, पण कुणाच्या गुणांत धरायचा नाही. त्यानंतर थोडी सूट आणि 75व्या दिवसापासून पूर्ण टार्गेट. वेळेचं ओझं आधी टाकलं की माणूस नीट न ऐकता कॉल संपवायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटत नाही.

प्रत्येक नव्याच्या सोबतीचं, स्वतःही कॉल घेणारं माणूस, म्हणजे बडी, हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात लवकर कोसळतो. बडीचं स्वतःचं टार्गेट तसंच राहिलं तर दर प्रश्नाला त्याचा आकडा पडतो आणि चांगला मनुष्यसुद्धा आठवड्याभरात टाळाटाळ करू लागतो. म्हणून बडीला रोजचा एक तास टार्गेटमधून वजा करून हवा, असा माझा आग्रह होता. ऑपरेशनच्या प्रमुखांनी विचारलं, “हा तास आणायचा कुठून?” त्यांच्यासमोर साधा हिशेब मांडला. तीन आठवडे, म्हणजे कामाचे 15 दिवस, रोज एक तास, एका नव्या माणसामागे 15 तास. तोच माणूस पाचव्या आठवड्यात गेला तर ट्रेनिंगचे दिवसाला आठप्रमाणे 120 पगारी तास पाण्यात, वर जागा भरेपर्यंतचा वेळ आणि पुन्हा नवं ट्रेनिंग. म्हणजे आठ नव्या माणसांना बडीचा वेळ देऊन त्यातला एक जरी टिकला तरी खर्च निघतो. त्यांनी दोन बॅचपुरती मान्यता दिली.

उरल्या त्या गाठीभेटी. सातव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी टीम लीडरने पंधरा मिनिटं बोलायचं. “सगळं ठीक ना?” याला उत्तर “हो” असंच येतं, म्हणून आम्ही दोन प्रश्न ठरवून दिले. “या आठवड्यात कोणत्या कॉलवर अडकलात?” आणि “सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं काय निघालं?” दुसऱ्या प्रश्नातून रोस्टरचे, सुट्टीचे, पगारातल्या कपातीचे गैरसमज बाहेर येतात. तिसाव्या दिवसाची भेट मात्र लीडरऐवजी मी स्वतः घेत असे, कारण नेस्टिंगमध्ये टीम लीडरबद्दलच काही बोलायचं असेल तर ते लीडरसमोर निघत नाही.

जायच्या बेतात असलेला माणूस आधी ओळखू येतो. उशीर, ब्रेकनंतर रेंगाळणं ही लक्षणं सगळ्यांना दिसतात. मला त्याहून भरवशाचं लक्षण वाटतं ते प्रश्न थांबण्याचं. चौथ्या आठवड्यात दिवसाला आठ-दहा प्रश्न विचारणारा माणूस पाचव्यात एकही विचारत नसेल, तर तो सगळं शिकला असं समजून पुढे जाऊ नये. फिरत्या माणसाला आम्ही रोज कोणी किती विचारलं याच्या खुणा करायला सांगितल्या आणि ज्याच्या नावापुढे सलग दोन दिवस काहीच नाही त्याच्याशी त्याच दिवशी बोलायचं ठरवलं.

दोन बॅचनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यातला ढीग बराच खाली आला. पहिल्या आठवड्यातला कमी झाला, पण रात्रीच्या शिफ्टमध्ये तो उरलाच. त्या वेळेला ये-जा अवघड आहे, आणि शेजारची कंपनी जास्त पगार देते तेव्हा आराखडा काही करू शकत नाही, हे मी अहवालात तसंच लिहिलं. दुसरा धोका असा की गळती थांबण्याऐवजी नुसती पुढे सरकते आणि नव्वद दिवसांचा आकडा सुंदर दिसतो. त्यामुळे त्याच बॅचची हजेरी आता 180व्या दिवसापर्यंत पाहते. त्यात एक टीम वेगळी दिसली, नव्वद दिवस सगळे टिकलेले आणि एएचटी पूर्ण लागू झाल्यावर महिन्याभरात बरेच गेलेले. तिथल्या लीडरने साठाव्या दिवसाच्या भेटी कागदावरच उरकल्या होत्या. पुढच्या बॅचपासून साठाव्या दिवशी लीडरने नव्या माणसाबरोबर त्याचेच तीन कॉल ऐकायचे आणि कुठे वेळ गेला ते दोघांनी मिळून लिहायचं, असा बदल केला आहे.