काकूंचं चिनी बोलणारं मशीन

रोबो व्हॅक्यूमच्या दुरुस्तीत 'मशीन बिघडलंय' म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बरीच मशीनं धडधाकट असतात. ब्रशला केस गुंडाळलेले असतात, नाहीतर सेन्सरवर धूळ. पुण्यातल्या सहकारनगरच्या काकूंचं मशीनही धडधाकटच होतं, पण ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलगा शांघायला नोकरीला. दिवाळीत येताना तिकडच्या बाजारासाठी बनलेलं मशीन घेऊन आला, घरच्या वायफायला जोडलं, काकूंच्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि परत गेला. ॲपची वरवरची पानं इंग्रजीत, पण मशीनचं स्वतःचं पान पूर्ण चिनी. बोलणंही चिनीच. आवाजांच्या यादीत दुसरी भाषा नाही, आणि भारताचा प्रदेश निवडला की ते मॉडेल जोडूनच घेत नाही.

काकूंच्या तक्रारी तीन. सकाळी नऊची वेळ लावली तरी साडेसहालाच सुरू होतं. संध्याकाळी चार्जिंगला गेलं की अर्धवट राहिलेली सफाई तशीच सोडून देतं. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन ओरडतं, मागे सरकतं, थांबतं. आधी आलेल्या गृहस्थांनी चाकाची मोटर गेली म्हणून मोठा खर्च सांगितला होता. मशीन उलटं करून चाक हाताने फिरवूनही पाहिलं नव्हतं. अशा लोकांमुळे आमच्या धंद्यावरचा विश्वास उडतो.

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं. मशीनच्या पोटात चीनचीच वेळ राहिली होती, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. 勿扰模式 ही 'त्रास देऊ नका'ची सोय रात्री दहा ते सकाळी आठ चालू होती, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेपाच. त्या वेळात हे मशीन चार्ज झाल्यावर उरलेलं काम आपणहून पुन्हा सुरू करत नाही. सफाईची वेळ साडेअकरा लावली, ती सोय बंद केली, दोन्ही तक्रारी मिटल्या.

तिसरीला वेळ लागला. ॲपवर आलेली सूचना फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित केली: कड ओळखणारे सेन्सर पुसा. हे सेन्सर मशीनच्या पोटाशी असतात. ते खाली इन्फ्रारेड किरण सोडतात आणि किरण परत आला नाही की पुढे जिना आहे असं समजून मशीन मागे हटतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसले, तरी रड तीच. मग उंबऱ्याकडे पाहिलं. काळ्या कडप्प्याचा चांगला वीतभर पट्टा. गडद दगड किरण शोषून घेतो, तेव्हा मशीनच्या लेखी तिथे खड्डाच. पट्ट्यावर कोरा पांढरा कागद चिकटवून मशीन सोडलं आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेलं.

सेन्सरवर चिकटपट्टी लावायची युक्ती पुष्कळजण सांगतात. काकूंचं घर दुमजली आहे, मशीन वरच्या मजल्यावर फिरतं. तिथे ती युक्ती म्हणजे मशीन जिन्यावरून खाली. मी साफ नाही म्हटलं आणि कडप्प्यावर फिकट रंगाची मॅट व्हिनाइल पट्टी बसवून दिली.

देवघरापुढच्या रांगोळीवरून मशीन जायचं, तेही तेव्हाच कळलं. मशीनने तिथे जाऊ नये म्हणून मुलाने ॲपमधल्या नकाशावर लाल चौकोन काढून ठेवला होता, पण काकूंनी चार्जिंगचा तळ दुसऱ्या भिंतीला नेला, मशीनने नकाशा नव्याने बनवला आणि चौकोन पुसला गेला. नकाशाच्या पानावर 禁区, म्हणजे 'प्रवेश बंद', लिहिलेलं बटण आहे, त्यातून तो पुन्हा काढला. तळ हलवला की चौकोन तपासायचा, हे काकूंकडून करून घेतलं.

राहिलं बोलणं. भाषा बदलता येत नव्हती, म्हणून मी एकेक बिघाड मुद्दाम घडवला. कचऱ्याचा डबा काढून सुरू केलं. चालतं मशीन उचलून चाकं अधांतरी धरली. पुढचा बंपर दाबून ठेवला. प्रत्येक वेळी जे बोललं ते काकूंनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं: 'डबा लाव', 'चाक लोंबतंय', 'तोंड अडकलं'. "दादा, हे माझ्या पोराने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्याच्याकडे चार दिवस होते आणि भाषा त्याला येत होती. मलाही तसंच वाटतं.

दुसऱ्या बाजारासाठीचं मशीन दुरुस्त करणारे आम्ही थोडे. सुटे भाग मिळतात, पण हे मॉडेल इथे कधीच विकलं न गेल्यामुळे त्याच्या अडचणी कुठे कळवाव्यात हा रस्ताच नाही. काकूंना मी माझा नंबर दिलाय. अनोळखी वाक्य आलं की त्या रेकॉर्डिंग पाठवतात. गेल्या आठवड्यात एक आलं, अजून उलगडा झालेला नाही. मुलाला पाठवलंय, आणि बोलताना दिवा कुठल्या रंगाचा होता हे काकूंना विचारलंय.