कमान म्हणू की महिरप? एका रकान्यापायी तीन खेपा

आजोबांनी काढलेले नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्याचे अकरा फोटो एका संग्रहाला द्यायचे ठरवले. वाडा कधीच पडला, फोटोच काय ते उरलेत. दहा फोटो विनातक्रार घेतले गेले. अकरावा चौकातल्या ओसरीचा. त्याच्या फॉर्मवर चार रकाने होते: घटक, प्रकार, साहित्य, भार घेतो का. मी बिनधास्त लिहिलं: कमान, बहुदली, सागवान, होय.

फॉर्म परत. ‘होय’भोवती लाल गोल, ‘सागवान’पुढे प्रश्नचिन्ह. का ते विचारलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बघून लिहा ना सर." बघूनच लिहिलं होतं हो! दुसऱ्या खेपेला सागवान खोडून नुसतं ‘लाकूड’ केलं, आणि ते मलाही पटलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत, त्यातही रंग दिलेल्या खांबात, सागवान कोणाला दिसणार? पण लाल गोल कायम. मे महिन्यातल्या दुपारी गाडीची सीट पोळत असताना हा लाल गोल घेऊन घरी येणं काय असतं, ते नागपूरकरांना सांगायला नको.

शेवटी फोटो मोठा करून काढला आणि वाड्याची कामं केलेल्या एका म्हाताऱ्या सुतारमामांकडे नेला. त्यांनी चष्मा वर केला, कमानीच्या टोकावरच्या कोरीव फुलावर नख ठेवलं आणि म्हणाले, "हे फूल काऊन लावलं, सांगा बरं?" शोभेला, मी म्हणालो. "सांधा झाकाले!"

फुलाच्या खाली बारीकशी उभी रेघ होती. महिनाभर हा फोटो पाहत होतो, ती रेघ कधी दिसली नव्हती. पाकळ्या पाकळ्यांचा तो आकार म्हणजे दोन फळ्या. एक डाव्या खांबाच्या खाचेत बसवलेली, दुसरी उजव्या, मधोमध दोन्ही टेकवलेल्या. दगडी कमानीत सांधे पंख्यासारखे पसरतात. दगड पाचरीसारखे एकमेकांना दाबून धरतात आणि वरचं ओझं दोन्ही बाजूंना ढकलत खाली नेतात. इथे पंखा नाहीच. फळ्यांच्या वर सरळ आडवी तुळई आहे, तिच्यावर कडीपाट. ओझं तुळईवरून खांबात आणि खांबातून तळखड्यावर जातं. फळ्या काढून घेतल्या तरी ओसरी उभी राहिली असती. म्हणून ही महिरप. हा पाकळ्यांचा घाट मूळचा शहाजहानच्या काळातल्या दगडी-चुन्याच्या इमारतींमध्ये फोफावला, पुढे मराठ्यांच्या वाड्यांत तोच लाकडात उतरला. आकार कमानीचा राहिला, काम गेलं.

मी हट्टानं विचारलं, सांधा रंगाखाली बुजला असता तर? मामांनी ओळीतला शेवटचा खांब दाखवला. मधल्या खांबांवरून काही ठरत नाही, कारण दोन्हीकडच्या कमानी असल्या तर त्या एकमेकींचा रेटा तोलून धरतात. शेवटच्याला मात्र पलीकडून आधार लागतो: जाड भिंत किंवा भक्कम जाडजूड खांब. आमचा शेवटचा खांब जिन्याशेजारी मोकळा उभा होता. फुटपट्टीनं मोजलं: दोन खांबांमधलं अंतर 84 मिलिमीटर, खांब 7. खऱ्या कमानीनं असला काटकुळा खांब बाहेर लोटला असता.

हो, खांबाचंही नाव मी चुकवलं होतं, ‘नक्षीदार खांब’ लिहून. तळाशी फुगीर, पाकळ्यांत बसवलेला आणि वर निमुळता होत जाणारा, त्याला सुरूचा खांब म्हणतात, सुरूच्या झाडावरून. हे आधी ठाऊक असतं तर एक खेप वाचली असती.

एक सावधगिरी. विटांची खरी कमान बांधून तिच्यावर चुन्यात पाकळ्या काढलेल्याही असतात. गिलावा शाबूत असेल तर आत काय आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. तिथे ‘महिरपी आकार, आतील बांधणी दिसत नाही’ एवढंच लिहावं. गिलावा कुठे पडलाय का ते आधी शोधा, पडलेला कोपरा सगळं सांगतो. आणि फोटो स्कॅन करताना 600 डीपीआय तरी ठेवा. माझ्या पहिल्या 150 च्या स्कॅनमध्ये सांध्याची रेघ उमटलीच नव्हती.

तिसऱ्या खेपेला लिहिलं: महिरप, बहुदली, लाकूड, नाही. खाली सुरूचे खांब, वर तुळई. बाईंनी वाचलं, शिक्का मारला, पोचपावती दिली. गाडीपाशी येऊन ती उघडली. त्यावर टाइप केलं होतं: ‘फोटो क्र. 11, लाकडी कमान.’